सीटच्या मते कोणीच नाही

गाडीत माणूस बसला आहे की नाही, हे डोळ्यांनी बघून ठरवायचे दिवस गेले. आता ते सीट ठरवते. आणि सीटने काय ठरवायचं हे तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत ठरतं. तिथला एसी इतका गार असतो की भर उन्हाळ्यात बायका शाल घेऊन येतात आणि पुरुष थंडी वाजत नसल्याचं सोंग करतात.

त्या खोलीत तिला सगळे घंटीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे घंटीबाई. नवी गाडी कधी ओरडेल, किती ओरडेल, कशी ओरडेल आणि कधी गप्प बसेल, हे ठरवणं तिचं काम. वीस वर्षं तिने हेच केलं होतं. लग्नाच्या बायोडेटात लिहिता येईल असं हे काम नव्हतं, पण पगार चांगला होता.

त्या सोमवारच्या बैठकीत कागदावर तीन ओळी होत्या. वेगाची घंटी, सीटबेल्टची घंटी आणि दोघींचा आवाज. शुक्रवारी गाडीचं सॉफ्टवेअर कुलूपबंद होणार होतं. त्यानंतर आकडा बदलायचा म्हणजे सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या आणि गाडी बाजारात यायला दोन महिने उशीर.

वेगाच्या ओळीवर फार भांडण झालं नाही. ऐंशीच्या वर गेलं की अधूनमधून घंटी, एकशेवीसच्या वर गेलं की सतत, हे नियमातच लिहिलेलं. नियमात लिहिलेल्या गोष्टीवर भांडायला कोणालाच आवडत नाही, कारण त्यात जिंकता येत नाही. तरी विक्रीप्रमुखाने एकदा हात घालून बघितला.

"मॅडम, काट्यावर ऐंशी दिसतात तेव्हा गाडी खरी सत्त्याहत्तरनेच चालत असते ना? काटा थोडा पुढचा दाखवतो असं तुम्हीच सांगता. मग खऱ्या ऐंशीला वाजवू. तेवढेच तीन किलोमीटर ग्राहकाला शांतता!"

"काट्यावर त्र्याऐंशी दिसताहेत आणि घंटी गप्प, म्हणजे माणसाला वाटणार घंटी बिघडली. एकदा वाटलं की बिघडली, की ती कितीही वाजो. काट्यावर ऐंशीचा आकडा ओलांडला की वाजायची."

"आणि बंद?"

"अठ्ठ्याहत्तरला."

"का? ऐंशीलाच बंद करा की."

"ऐंशीच्या उंबरठ्यावर गाडी कधी एकोणऐंशी, कधी एक्याऐंशी. सुरू-बंद, सुरू-बंद. उचकी लागल्यासारखी वाजत राहील. सुरू करायचा आकडा वेगळा, थांबायचा वेगळा. माणसाचंही तसंच असतं, चिडायला एक कारण लागतं, निवळायला दुसरं."

विक्रीप्रमुख हसला. तो कशालाही हसत असे. गोरागोमटा, वक्तशीर, आणि 'ग्राहक' हा शब्द असा उच्चारायचा जणू तो त्याच्या आजोळचा माणूस आहे.

"बरं, ती ओळ झाली. आता सीट." त्याने पडद्यावर एक रंगीत गोल आणला. "पुढच्या सीटवर कुत्रा बसवला की आपली गाडी बोंबलते. एक्याण्णव टक्के ग्राहक वैतागलेत."

"किती जणांना विचारलंत?"

"अकरा."

"एक्याण्णव टक्के म्हणजे दहा."

"दहा वैतागले. अकराव्याकडे मांजर आहे."

कोपऱ्यात बसलेले मामा खोकले. मामा हे कोणाचेच मामा नव्हते. ते चाचणीचे चालक. अठ्ठावीस वर्षं नव्या गाड्या चालवून त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आला होता. खोकल्याच्या आडून हसणं त्यांना छान जमे.

ते दहा ग्राहक कोण, हे तिला जेवणाच्या सुट्टीत कळलं. दहाही जण मोठ्या साहेबांबरोबर सकाळी कुत्री फिरवायला जाणारे आणि नव्या गाडीच्या नमुन्यातून एकेक फेरी मारून आलेले. मोठे साहेब म्हणजे कंपनीचे सर्वेसर्वा. त्यांचा कुत्रा जनरल. वजन एकतीस किलो. तो नमुना एक दिवस घरी नेऊन आणल्यावर लिफ्टमध्ये साहेब हसत म्हणाले होते, "तुमची नवी गाडी जनरललाही बेल्ट लावायला सांगते बुवा!" एवढंच. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत ती तक्रार झाली, तिसऱ्यावर पोचेपर्यंत अहवाल, आणि आता तो रंगीत गोल.

"तर प्रस्ताव असा," विक्रीप्रमुख म्हणाला, "सीटचा आकडा सध्या वीस आहे. वीस किलोच्या वर भार पडला की सीट समजते माणूस बसला. नियमाच्या चाचणीत सीटवर चाळीस किलो ठेवतात आणि घंटी वाजली पाहिजे. जनरल एकतीस. चाळीस आणि एकतीस, बरोबर मधोमध पस्तीस. नियमही खूश, साहेबही खूश. शास्त्रशुद्ध आहे, मॅडम!"

"मधोमध साडेपस्तीस येतात."

"अर्धा किलो मी तुम्हाला सोडला."

तिने वीस हा आकडा असाच हवेतून काढलेला नव्हता. सीटच्या कापडाखाली एक पातळ चटई असते. तिच्यावर किती भार पडला एवढंच तिला कळतं. तो भाजीच्या पिशवीचा, बॅगेचा की माणसाचा, हे कळत नाही. पिशव्या, लॅपटॉप, पुस्तकांचे गठ्ठे असं सगळं मोजून पाहिलं होतं. फारतर बारा-चौदा. माणसांच्या बाजूने बैठकराव होता. बैठकराव म्हणजे माणसाच्या बसायच्या अवयवाचा लोखंडी साचा. त्यावर वजनं चढवायची आणि त्याला सीटवर बसवायचं. कार्यशाळेत सगळे त्याला अहो-जाहो करत, कारण तोच एक जण बैठकीत कधी मतं मांडत नसे.

"मी पस्तीसवर सही करणार नाही," ती म्हणाली.

"का?"

का ते तिला तिथे नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणाली की तपासून सांगते.

"शुक्रवारपर्यंत. तुम्हाला जड जात असेल तर सहीचा अधिकार तात्पुरता दुसऱ्या कोणाकडे देता येतो हं, उगीच ताण नको." हे तो इतक्या प्रेमाने म्हणाला की जणू तिच्या गुडघ्यांना तेल लावून देतोय.

उरली आवाजाची ओळ. ती पाच मिनिटांत झाली. बारा आवाज होते. उभ्या गाडीत बसून ऑफिसातल्या पंधरा जणांनी आधीच ऐकलेले. नववा सगळ्यांना आवडला होता. बारीक, काचेच्या पेल्याला चमचा लागावा तसा. तिनेही नवव्यालाच मत दिलं होतं. आकड्याच्या विचारात तिने त्या ओळीवर सही केली आणि कागद पुढे सरकवला.

गुरुवारी अर्धी सुट्टी घेऊन ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. वजन सदतीस किलो, तेही लुगडं धुतल्यावर वाळायला घालतात तशी उन्हात उभी केली तर कमीच भरेल, असं धाकट्या भावाचं म्हणणं. आई पुढच्या सीटवर बसे, पण टेकून नाही. सीटच्या काठावर, ताठ, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. टेकून बसणं म्हणजे आजारी असणं, असा तिचा समज.

"आई, मागे टेक."

"टेकायला मी काय पेशंट आहे?"

"दवाखान्यात चाललोय आपण."

"डोळ्यांच्या. पाठीच्या नाही."

गाडी जुनी, आधीच्या मॉडेलची. फाटकाबाहेर पडून वेग पंधराच्या वर गेला आणि घंटी सुरू झाली. भसाडी, कंटाळलेल्या कारकुनासारखी. आईने एक सुस्कारा सोडला, पट्टा ओढला आणि लावला.

"मी सांगितलं की लावत नाहीस. ही ओरडली की लगेच."

"तुझ्याशी वाद घालता येतो. हिच्याशी काय घालणार? गळ्याला टोचतो मेला. ही गप्प बसली असती तर मी कधीच लावला नसता."

तिने वळून आईकडे पाहिलं. सिग्नलला गाडी उभी होती, म्हणून पाहता आलं. काठावर बसलेली, पाय खाली पायदानावर घट्ट रोवलेले. सदतीस किलोतले किती त्या सीटवर होते? काही पायांवर, काही काठावर. आणि जनरल? चारही पाय वर घेऊन बसतो. त्याचे एकतीसच्या एकतीस सीटवर.

सोमवारी जे सांगता आलं नव्हतं, ते तिथे सिग्नलला तिच्या डोक्यात जागच्या जागी बसलं. विक्रीप्रमुखाने माणूस वजनकाट्यावर मोजला होता आणि कुत्रा सीटवर. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला.

"हिरवा झालाय," आई म्हणाली. "डोळे माझे तपासायचेत की तुझे?"

डॉक्टरांकडून परतताना ती आईला सरळ कंपनीच्या कार्यशाळेत घेऊन गेली. आईचं नाव पाहुण्यांच्या वहीत लिहिताना 'कामाचं स्वरूप' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तेव्हा पहारेकऱ्याने स्वतःच 'नमुना' असं लिहून टाकलं.

नवी गाडी उभी होती. मामांनी दार उघडून धरलं. "या मावशी, बसा. ही गाडी अजून कोणी विकत घेतलेली नाही, तुम्ही पहिल्या."

"मी विकत घेणार नाहीये."

"मग तर अजून बरं. खरं बोलाल."

तिने लॅपटॉप जोडला. लॅपटॉपवरून आकडा बदलता येत होता, आणि गाडी उभी असताना तिला 'तू वीसच्या वेगाने चालली आहेस' असं खोटं सांगता येत होतं. खोटं बोलल्याशिवाय घंटीचं खरं कळत नाही, कारण गाडी हलल्याशिवाय नुसता लाल दिवा लागतो, आवाज होत नाही. एवढ्या मोठ्या यंत्राला थाप मारायची म्हणजे त्या कार्यशाळेतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट.

आई बसली. अर्थातच काठावर.

पडद्यावर आकडा आला. बावीस.

"मावशी, जरा मागे सरका," मामा म्हणाले.

मागे सरकली, पाय खालीच. सत्तावीस.

तिने सीटला पस्तीस लिहिलं. मग गाडीला थाप मारली. वीसचा वेग. लाल दिवाही लागला नाही. सीटच्या मते तिथे कोणीच नव्हतं.

"काय गं, बंद पडलं का?" आईने विचारलं.

"नाही आई. ह्या आकड्याला तू गाडीत बसलेलीच नाहीस."

"मग मी कुठे आहे?"

मामा खोकले, पण ह्या वेळी खोकला मध्येच थांबला.

शुक्रवारी सकाळी मोठे साहेब कार्यशाळेत आले. तिने निरोपच असा दिला होता की सीटच्या आकड्याची चाचणी आहे आणि जनरलशिवाय ती पूर्ण होत नाही. आपल्या कुत्र्याला ऑफिसने बोलावलं, याचा साहेबांना फार आनंद झाला होता. जनरलच्या गळ्यात नवा पट्टा होता. विक्रीप्रमुखाने आधी कुत्र्याला नमस्कार केला आणि मग साहेबांना.

आई एका स्टुलावर बसली होती. कडेला बैठकराव चाळीस किलो घेऊन गप्प.

"ह्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी आई. सदतीस किलो."

"वा," साहेब म्हणाले. वजनाने ओळख करून दिलेल्या बाईला काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं.

आधी जनरल. तो दोनदा गोल फिरला आणि सीटवर मुटकुळं करून बसला. पडद्यावर एकतीस. मग आई. जनरलचे केस सीटवर पडले होते, ते तिने हातरुमालाने झटकले आणि काठावर बसली. बावीस.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे ह्या जनरलपेक्षा हलक्या?"

"काट्यावर जड आहे. सीटवर हलकी. तिचे पाय खाली आहेत, जनरलचे वर. साहेब, ज्या आकड्याने जनरल गप्प होतो, त्या प्रत्येक आकड्याने आई गप्प होते. मधोमध असा आकडाच नाही. वीस ठेवलं तर कुत्र्यासाठी फुकट वाजेल. पस्तीस ठेवलं तर माणसासाठी वाजणार नाही. कोणती चूक करायची एवढंच आपल्या हातात आहे."

"पण नियमात पस्तीस बसतं ना?" विक्रीप्रमुख म्हणाला. "चाळीसचा बैठकराव ठेवला की वाजते. मी स्वतः ऐकलंय."

"बैठकरावांना पाय नाहीत."

"मॅन्युअलमध्ये एक ओळ टाकू. 'प्रवाशाने सीटवर पूर्ण टेकून बसावे.' जाड अक्षरांत."

"तिथे सत्तावीस येतात. पस्तीसला तेही कमीच. मग अजून एक ओळ टाका, 'प्रवाशाने पाय वर घेऊन बसावे.'"

"अहो, असे हलके प्रवासी किती असतील? टक्केवारी काढली तर…"

"अकरा जणांना विचारून काढू या?"

आई मध्येच म्हणाली, "कुत्र्याला मागे का नाही बसवत?"

ही सूचना एका अहवालात, एका बैठकीत आणि एका रंगीत गोलात कोणाला सुचली नव्हती. खरं तर सुचली होती. प्रत्येकालाच सुचली होती. पण साहेबांच्या कुत्र्याला मागे बसवा असं साहेबांना सांगण्यापेक्षा लाखभर गाड्यांचा आकडा बदलणं सोपं होतं.

साहेब विक्रीप्रमुखाकडे वळले. "आकडा बदला असं मी कधी म्हटलं?"

"नाही साहेब, पण तुमची भावना…"

"भावना नव्हती. लिफ्टमध्ये गप्प उभं राहायला अवघड वाटतं म्हणून बोललो होतो."

विक्रीप्रमुख हसला. पहिल्यांदाच त्याला हसू कुठे ठेवावं ते कळेना. जनरलने त्याचा बूट हुंगला.

"वीसच राहू द्या," साहेब म्हणाले. "कागद आणा. सही करून मोकळे व्हा, मॅडम. उगीच सकाळ गेली."

कागद आला. पेन आलं. तिच्या मनात आलं, इतकी वर्षं घंट्या लावल्या, आज पहिल्यांदा एक जिंकली. ती जिंकण्याची चव घ्यावी म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, ती म्हणाली, "थांबा, एकदा वाजवूनच दाखवते." तिने सीटला पुन्हा वीस लिहिलं. मामांनी इंजिन सुरू केलं, पंखा लावला, जसं खऱ्या रस्त्यावर असतं तसं. आई काठावर. लॅपटॉपने थाप मारली.

लाल दिवा लागला. घंटी वाजली. नववा आवाज. काचेच्या पेल्याला चमचा. टिंग. टिंग. टिंग.

साहेबांनी मान डोलावली. विक्रीप्रमुखाने मान डोलावली. जनरलने कान टवकारले.

आई समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. हात पर्सवर.

"आई."

"काय गं?"

"पट्टा नाही लावलास?"

"वाजू दे की आधी. वाजली की लावते."

टिंग. टिंग.

मामांनी पंखा बंद केला. तरीही आई भिंतीकडेच बघत होती. मामा दाराशी वाकून हळूच म्हणाले, "मावशी, चहा घेणार?"

"साखर कमी," आई चटकन म्हणाली.

आईला ऐकू येत होतं. मामांचं कुजबुजणं येत होतं. गेल्या वर्षीपासून तिला खिडकीबाहेरच्या चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या होत्या. चिमण्या कमी झाल्यात असं ती म्हणायची, आणि घरात सगळ्यांनी ते पर्यावरणाच्या खात्यात टाकलं होतं. वयाने आधी बारीक, उंच स्वर जातात, खालचे राहतात. हे घंटीबाईला पाठ होतं. तिने त्यावर नव्या मुलांना दोन भाषणं दिली होती. आणि नववा आवाज निवडताना उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, पंधरा जणांना ऐकवला तेव्हा त्या पंधरांत चाळीशीच्या पुढचं कोण होतं? ती स्वतः. आणि तिला तो आवडला होता, कारण तो डोक्यात जात नव्हता.

आकड्यासाठी ती पाच दिवस भांडली. आवाजावर पाच मिनिटांत सही केली.

"काय झालं, मॅडम?" साहेबांनी विचारलं. "वाजली की."

"तुम्हाला वाजली. हिला नाही." तिने कागद ओढला. आवाजाच्या ओळीपुढे तिची सोमवारची सही होती, झोकदार. तिने त्यावर आडवी रेघ मारली. "हा आवाज चालणार नाही. वेगाच्या घंटीलाही हाच आहे. म्हणजे सत्तरीचा माणूस ऐंशीच्या वर गाडी चालवत असेल तर त्याला फक्त शांतता ऐकू येईल."

विक्रीप्रमुखाचा चेहरा उजळला. बुडत्याला काडी मिळाली होती आणि ती काडी म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ होतं. "पण मॅडम, ही सही तुमचीच आहे! आवाज तुम्ही निवडलात. आता बदलायचा म्हणजे आजचं कुलूप हुकलं आणि पुन्हा चाचण्या. दोन महिने. हे कोणाच्या नावावर टाकायचं?"

"माझ्या."

"लेखी?"

"लेखी. लिहा, 'तज्ज्ञाने कान तपासले नाहीत.'"

साहेब दोन महिन्यांचा विचार करत होते हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. उशिराला कोणीतरी जबाबदार लागतं, आणि जबाबदार स्वतःहून हात वर करून उभा राहिला की वरच्या माणसाचं निम्मं काम होतं.

"दोन महिने नाही," ते शेवटी म्हणाले. "तीन आठवडे. काय करायचं ते तीन आठवड्यांत करा. आणि मॅडम, पुढच्या गाडीचं प्रमुखपद तुम्हाला द्यायचं चाललं होतं. ते आता थोडं… बघू."

"बघा," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं. वाटलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या पदाबरोबर खिडकीजवळची खोली होती, जिथे एसी कमी ठेवता येत असे.

साहेब गेले. जनरल जाताना गाडीच्या मागच्या दाराशी घुटमळला, पण त्याला उचलून पुढेच बसवलं. साहेबांच्या स्वतःच्या गाडीला ही नवी सीट नव्हतीच. विक्रीप्रमुख फोनवर कोणाला तरी सांगत होता की ज्येष्ठ ग्राहकांच्या श्रवणाचा विचार करणारी आपली पहिली कंपनी, आणि ही कल्पना मुळात विक्री विभागातून आली.

मामांनी बाराही आवाज एकेक करून लावायला घेतले. इंजिन चालू, पंखा पूर्ण, खिडकी थोडी उघडी, आवाज कमी-जास्त. नंतर ही चाचणी नियमाप्रमाणे पन्नास-साठ म्हाताऱ्या कानांवर करायची होती. त्या दिवशी कानांची एकच जोडी हजर होती.

पहिला. आईने मान हलवली, नाही. दुसरा, नाही. तिसरा ऐकू आला, पण, "हा आपल्या कुकरच्या शिट्टीसारखा आहे. मी उठून गॅस बंद करायला जाईन." चौथा तिला आवडला नाही.

"का? ऐकू येतोय ना?"

"येतोय. पण गोड आहे. गोड बोलणाऱ्याचं मी कधी ऐकलंय?"

मामांनी सातवा लावला. खालच्या पट्टीतला, खरखरीत, थोडासा उद्धट. ऑफिसातल्या पंधरा जणांनी एकमुखाने नाकारलेला. कागदावर त्यापुढे विक्रीप्रमुखाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ग्राहकाचा अपमान झाल्यासारखा वाटतो.'

आईने तोंड वाकडं केलं. सुस्कारा सोडला. पट्टा ओढला, गळ्यापासून थोडा दूर धरला आणि खाली खाटकन लावला.

"कोण मेलं ओरडतंय एवढं," ती म्हणाली.

घंटीबाईने कोऱ्या ओळीपुढे सात हा आकडा लिहिला. सही केली नाही. अजून एकोणपन्नास जण ऐकायचे होते.